फॅक्टशीट मराठीत करताना : ‘प्रमाण विचलन १४ टक्के’ हे बचत गटाला कसे सांगावे?

पंचगंगाकाठ

नमस्कार. मी शाहूपुरीत एका करसल्लागारांच्या कार्यालयात काम करते. उचगावच्या एका बचत गटातील अकरा जणी दुधाच्या बिलातून दरमहा ५०० रुपयांची एसआयपी सुरू करण्याच्या विचारात आहेत. त्यांच्यापैकी कुणीही यापूर्वी म्युच्युअल फंडात पैसे घातलेले नाहीत. भिशी, पतसंस्था आणि पोस्ट एवढाच त्यांचा अनुभव आहे. त्यांना एका लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या शेअरांच्या योजनेची आणि एका रोखे योजनेची इंग्रजी फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रक, मिळाली असून ती मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

गेल्या रविवारी मी पहिला मसुदा त्यांना वाचून दाखवला आणि दोन ठिकाणी माझे भाषांतर साफ फसले. ‘योजनेचे प्रमाण विचलन १४ टक्के आहे’ हे वाक्य ऐकून एका मावशींनी विचारले, “हे आम्हाला मिळणार का आमच्यातनं कापून घेणार?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण माझ्या वाक्यातून दोन्ही अर्थ निघू शकत होते. दुसरी चूक याहून गंभीर होती. योजनेत जोखीम किती हे दाखवणाऱ्या रिस्कोमीटरचा काटा शेवटच्या घरात होता आणि मी त्याखाली ‘अति उच्च’ असे लिहिले होते. दोघी-तिघींनी ते चांगल्या अर्थाने घेतले. उच्च प्रतीचा गूळ, उच्च शिक्षण, तशी ही उच्च योजना, असा त्यांचा समज झाला.

शब्द बदलायचा, वाक्य बदलायचे की खाली वेगळी टीप द्यायची, याबद्दल आपले मत हवे आहे. कोणती योजना घ्यावी हा माझा प्रश्न नाही आणि ते सांगण्याचा मला अधिकारही नाही.

मराठीचा मास्तर

‘उच्च’ या शब्दाबद्दल आपण जे लिहिले आहे ते फार मोलाचे आहे. मराठीत ‘उच्च’ हा शब्द प्रमाणापेक्षा दर्जा सांगतो. रक्तदाबासारखे काही रूढ प्रयोग सोडले तर वाईट गोष्टीला आपण ‘उच्च’ म्हणत नाही. ताप ‘जास्त’ असतो, कर्ज ‘फार’ असते. म्हणून ‘खूप जास्त जोखीम’ असे सरळ लिहावे.

‘जोखीम’ हा शब्द मात्र ठेवावा. दागिने घेऊन प्रवास करणारी बाई ‘माझ्याकडे जोखीम आहे’ असे म्हणते, म्हणजे ज्याची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे ही छटा त्या शब्दात आधीपासूनच आहे. ‘प्रमाण विचलन’ हीसुद्धा अभ्यासक्रमात रुळलेली संज्ञा आहे आणि ती बदलू नये असे मला वाटते. सोपे करण्याच्या नादात संज्ञा मोडली, तर उद्या दुसरे पत्रक वाचताना याच बायका पुन्हा अडखळतील.

लेथवाला उद्यमनगर

मला यात फारशी अडचण दिसत नाही. आमच्या शॉपमध्ये ड्रॉइंगवर माप दिलेले असते आणि त्याच्यापुढे टॉलरन्स दिलेला असतो. प्रमाण विचलन १४ टक्के म्हणजे योजनेचा टॉलरन्स १४ टक्के. दहा हजार रुपये घातले तर ते फार तर ८,६०० पर्यंत खाली येतील किंवा ११,४०० पर्यंत वर जातील. हे एका ओळीत लिहिले तर कुणालाही समजेल.

रोखेबाजार

मी मुंबईत बरीच वर्षे एका फंड कंपनीच्या जोखीम विभागात काम केले आणि आता ताराबाई पार्कात राहतो. वरच्या प्रतिसादात दिशा बरोबर आहे, पण ‘फार तर’ हे दोन शब्द नेमके चुकीचे आहेत, आणि तेच पत्रकात गेले तर सर्वांत जास्त नुकसान करतील.

टॉलरन्स ही आपण आधी आखलेली सीमा असते. तिच्याबाहेर गेलेला जॉब आपण रिजेक्ट करतो. प्रमाण विचलन ही सीमा नाही. शंभर जॉब झाल्यावर ते सरासरी मापापासून साधारण किती इकडेतिकडे पडले, हे मोजून जो आकडा निघतो तो हा. त्याच्याबाहेर जॉब पडतातच आणि बाजारात त्यांना कुणी रिजेक्ट करत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे ही इकडेतिकडे शून्यापासून नव्हे, तर सरासरीपासून मोजली जाते. समजा सरासरी वार्षिक परतावा १२ टक्के आणि विचलन १४ टक्के असेल, तर साधारण तीनपैकी दोन वर्षांत परतावा उणे २ ते अधिक २६ टक्के यांच्या दरम्यान पडेल, म्हणजे १०,००० चे ९,८०० ते १२,६०० होतील. उरलेल्या तिसऱ्या वर्षी तो या पट्ट्याच्या वर किंवा खाली कुठेही असू शकतो. हे गणितसुद्धा बाजार नीटस वागतो असे धरून केलेले आहे आणि तो तसा वागत नाही. २००८ या एका वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून जास्त, साधारण ५२ टक्के घसरला होता.

फॅक्टशीटमधला हा आकडा बहुधा मागच्या ३६ महिन्यांच्या मासिक परताव्यांवरून काढून वर्षाच्या मापात आणलेला असतो. ती मुदत आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. २०२३ च्या फेब्रुवारीअखेरच्या पत्रकात मार्च २०२० ची कोविडची पडझड त्या ३६ महिन्यांत बसत होती. मार्चअखेरच्या पत्रकात ती खिडकीबाहेर गेली. योजना तीच, शेअर जवळपास तेच, तरीही आकडा खाली आला. म्हणून मराठीत ‘गेल्या तीन वर्षांत’ हे शब्द आकड्याच्या आधी यायला हवेत. तळटिपेत घातले तर ते वाचले जात नाहीत.

दूधबिल

मी स्वतः दूध घालते आणि गटाचा हिशेबही ठेवते, म्हणून लिहिते आहे. आमच्याकडे फॅटप्रमाणे दर बदलतो, हे प्रत्येकीला माहीत आहे. त्यामुळे ‘दर वर्षी परतावा सारखा नसतो’ हे सांगायला अवघड नाही. अवघड हे आहे की घातलेले मूळ पैसेच कमी होऊ शकतात. भिशीत पैसे बुडाले तर कुणीतरी पळून गेलेला असतो. इथे कुणी पळालेले नसताना १०,००० चे ९,००० कसे होतात, हे पत्रकात कुठेच सांगितलेले नाही. ते वाक्य आधी लिहावे, विचलन नंतर यावे.

पंचगंगाकाठ

ताई, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी संज्ञेपासून सुरुवात करत होते. सुरुवात युनिटच्या, म्हणजे योजनेतील आपल्या हिश्श्याच्या भावापासून व्हायला हवी. तुमचे पैसे शेअरांत आहेत, शेअरांचा भाव रोज बदलतो, म्हणून तुमच्या युनिटचा भावही रोज बदलतो आणि तो तुम्ही घेतलेल्या भावाच्या खालीही जाऊ शकतो, अशी आता सुरुवात करते.

रंकाळा चौपाटी

रिस्कोमीटरसाठी एक सुचवतो. कोल्हापुरात पावसाळ्यात प्रत्येक घरात राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे लहान मुलांनाही पाठ आहे. रिस्कोमीटरची सहा घरे या पातळ्यांसारखी समजावून सांगितली तर वेगळे शब्द शोधावेच लागणार नाहीत.

रोखेबाजार

उपमा चांगली आहे आणि एका अर्थाने अचूकही आहे, कारण रिस्कोमीटरसुद्धा स्थिर नसतो. फंड कंपनीला तो दर महिन्याला नव्याने मोजावा लागतो. पण दोन ठिकाणी ती वाचणाऱ्याला चुकवेल. बंधाऱ्यावर ४३ फूट झाले म्हणजे पाणी आता, या घटकेला चढले आहे. काटा ‘खूप जास्त’वर आहे याचा अर्थ आता घसरण येणार असा नाही, या योजनेची घडणच मोठ्या चढउताराची आहे, एवढाच तो सांगतो. हे घर नदीच्या पात्रालगत आहे की टेकडीवर, असे म्हटले तर ते जास्त बरोबर होईल. पात्रालगतच्या घरात दर वर्षी पाणी शिरतेच असे नाही.

दुसरी गोष्ट पत्रक वाचणाऱ्यांना क्वचितच कुणी सांगते. बाजार नियामक सेबीच्या मोजणीत लार्ज कॅप शेअरला ५, मिड कॅपला ७ आणि स्मॉल कॅपला ९ गुण धरतात, शेअरच्या चढउताराचे आणि खरेदी-विक्रीच्या सुलभतेचे गुणही त्यात मिळवतात आणि सरासरी ५ च्या वर गेली की काटा शेवटच्या घरात जातो. म्हणजे मोठ्या कंपन्यांची योजना आणि छोट्या कंपन्यांची योजना या दोन्ही बहुतेक वेळा ‘खूप जास्त’ या एकाच घरात दिसतात. काट्याकडे पाहून त्या दोघींतला फरक कळत नाही. तो कळण्यासाठीच विचलनाचा आकडा लागतो. समजा एकीचा १४ आणि दुसरीचा २० आहे. म्हणून या आकड्याचे भाषांतर टाळून चालणार नाही.

निवृत्त वाहक

विषय निघाला आहे म्हणून माझा अनुभव सांगतो आणि विचारतो. एसटीतून निवृत्त झाल्यावर २०२१ च्या अखेरीस मी सरकारी रोख्यांच्या योजनेत दोन लाख रुपये ठेवले. विकणाऱ्याने पत्रकातील एका ओळीवर बोट ठेवून सांगितले की साडेसहा टक्के व्याज आहे आणि पैसे सरकारकडे आहेत. २०२२ च्या जूनमध्ये पाहिले तर दोन लाखांपेक्षा कमी दिसत होते. मी लगेच काढून घेतले. सरकारने तर व्याज बुडवले नाही, मग माझे पैसे मधल्या मध्ये कुणी खाल्ले? याची तक्रार कुठे करावी?

लेथवाला उद्यमनगर

काका, इथे भाषांतराचा विषय चालू आहे. तक्रारीसाठी वेगळा धागा काढा.

रोखेबाजार

नाही, त्यांचा प्रश्न याच धाग्याचा आहे. पंचगंगाकाठ यांच्याकडे दुसरे पत्रक रोखे योजनेचे आहे आणि त्यातही तीच ओळ असणार.

काका, तुमचे पैसे कुणी खाल्लेले दिसत नाहीत. ती ओळ तुम्हाला चुकीची वाचून दाखवली गेली. पत्रकात ज्याला वायटीएम म्हणतात तो व्याजदर नव्हे. योजनेजवळचे सगळे रोखे आजच्या भावाने घेतले, ते मुदत संपेपर्यंत हातात ठेवले आणि प्रत्येकाने पैसे वेळेवर दिले, तर वर्षाला जो दर पडेल तो हा, आणि तोही योजनेचा खर्च वजा होण्याआधीचा. तुम्ही मात्र सहा महिन्यांत बाहेर पडलात.

तेव्हा काय झाले ते हिशेबाने पाहू. त्याच पत्रकात मॉडिफाइड ड्युरेशन नावाचा आकडा असतो. तुमच्या योजनेचा तो ५ होता असे समजू. त्याचा अर्थ असा की बाजारातील व्याजदर एक टक्क्याने वाढले तर रोख्यांचा भाव साधारण पाच टक्क्यांनी उतरतो, कारण नवे रोखे जास्त व्याज देत असताना जुने कमी व्याजाचे रोखे पूर्वीच्या भावाने कुणी घेत नाही. २०२२ च्या पहिल्या सहा महिन्यांत सरकारी रोख्यांचे दर एक टक्क्याच्या आसपास वाढले. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दरही वाढवायला सुरुवात केली. दोन लाखांवर पाच टक्के म्हणजे १०,००० रुपयांची घट झाली. त्याच काळात साडेसहा टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज साधारण ६,५०० रुपये जमले. म्हणजे तुम्हाला १,९६,५०० च्या आसपास दिसले असणार.

निवृत्त वाहक

मला १,९६,००० आणि वर काही रुपये मिळाले होते. म्हणजे सरकार बुडाले नाही तरी भाव उतरतो, हे मला त्या दिवशी कुणी सांगितले असते तर मी थांबलो असतो किंवा तिकडे गेलोच नसतो. पासबुकात जे लिहिले आहे तेच मिळते, एवढेच मला आयुष्यभर माहीत होते.

मराठीचा मास्तर

या ओळीसाठी एक शब्द सुचवतो. आपल्या भागात ‘उतारा’ हा शब्द प्रत्येकाला माहीत आहे. कारखान्याचा साखर उतारा किती पडला, याची चर्चा हंगामभर चालते. घातलेल्या मालातून किती निघाले, हा त्याचा अर्थ. ‘मुदतपूर्तीचा उतारा’ असे म्हटले तर तो व्याजदर नव्हे हे आपोआप स्पष्ट होईल.

दूधबिल

सर, उतारा म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे आधी सातबारा येतो. आणि साखर उतारा ऊस गाळल्यावर कळतो. हा आकडा गाळपाच्या आधीच छापलेला आहे.

रोखेबाजार

ताईंचा दुसरा आक्षेप मला निर्णायक वाटतो. वायटीएम हा अंदाज आहे आणि उतारा हे मोजमाप आहे. मी तिथे कोणताही एक शब्द न घालता ‘आजच्या भावाने अंदाजे दर, हमी नाही’ असे लिहीन.

मराठीचा मास्तर

अंदाज आणि मोजमाप हा भेद मान्य आहे, पण प्रत्येक संज्ञेच्या जागी वाक्य लिहीत गेलो तर मराठीत या विषयाची परिभाषा कधी तयार होणार? शब्द वापरात आल्याशिवाय रुळत नाही. ‘प्रमाण विचलन’बाबत तरी मी माघार घेणार नाही.

पंचगंगाकाठ

सर्वांचे ऐकून लार्ज कॅप योजनेचा मजकूर नव्याने लिहिला आहे. रिस्कोमीटरचे चित्र आणि त्यावरील अधिकृत शब्द मी जसेच्या तसे ठेवते, त्यांना हात लावत नाही. माझा मजकूर त्याखाली वेगळ्या चौकटीत येईल.

‘तुमचे पैसे या योजनेमार्फत मोठ्या कंपन्यांच्या शेअरांत जातात. शेअरांचे भाव रोज बदलतात, म्हणून तुमच्या युनिटचा भावही रोज बदलतो आणि तुम्ही घातलेल्या रकमेपेक्षा कमी होऊ शकतो. वरील काटा सांगतो की या योजनेत जोखीम खूप जास्त आहे. घसरण केव्हा येईल हे काटा सांगत नाही. गेल्या तीन वर्षांत योजनेचा परतावा आपल्या सरासरीपासून वर्षाला साधारण १४ टक्के वर-खाली झाला. या आकड्याला प्रमाण विचलन म्हणतात. हा आकडा तुम्हाला मिळणार नाही आणि तुमच्याकडून कापलाही जाणार नाही. आकडा जितका मोठा, तितके हेलकावे मोठे. घसरण याहून मोठीही असू शकते. दरमहा ५०० रुपये भरले तर २० महिन्यांत १०,००० रुपये जमतात. तेव्हा मोठी घसरण आली तर तुमच्या खात्यावर १०,००० पेक्षा कमी रक्कम दिसू शकते.’

रोखेबाजार यांनी दिलेला ९,८०० ते १२,६०० हा पट्टा यात घालावा असे मला वाटते, कारण रुपयांत सांगितले की लगेच समजते.

रोखेबाजार

तो पट्टा मी इथे समजावण्यासाठी दिला होता. पत्रकात तो घालू नये. त्यासाठी १२ टक्के सरासरी मी गृहीत धरली होती, ती पत्रकातून आलेली नाही. छापलेल्या कागदावर १२,६०० दिसले की तेवढेच लक्षात राहते आणि उद्या तुमच्याच भाषांतराकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की एवढे मिळणार असे लिहिले होते. काकांच्या बाबतीत साडेसहाचे तेच झाले. मागच्या परताव्याचे आकडे पत्रकात आहेत, ते तसेच द्या; पुढचा आकडा आपण तयार करू नये.

लेथवाला उद्यमनगर

टॉलरन्सबद्दलची माझी चूक मला पटली. पण इथे मी पंचगंगाकाठ यांच्या बाजूचा आहे. रुपये न दाखवता ‘कमी दिसू शकते’ असे लिहिले तर माणूस वीस-पंचवीस रुपये कमी होतील असे समजतो. वरचा आकडा देऊ नका, पण खालचा द्या. २००८ मध्ये निर्देशांक निम्म्याहून जास्त पडला होता, हे घडून गेलेले आहे, त्यात अंदाज काही नाही. १०,००० चे ४,८०० असे स्पष्ट लिहा.

दूधबिल

तो आकडा वाचला तर अकरापैकी निम्म्या जणी तिथेच उठतील.

निवृत्त वाहक

उठल्या तर उठू द्यात. मी त्या दिवशी उठलो नाही.

रोखेबाजार

२००८ चा आकडा निर्देशांकाचा आहे, या योजनेचा नाही. तेवढे स्पष्ट लिहून तो देता येईल. त्यापुढची वर्षेही सांगावीत का, हा प्रश्न उरतो. सांगितली तर आमिष दाखवल्यासारखे होते आणि न सांगितली तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखी होते. मलाही याचे ठाम उत्तर नाही.

पंचगंगाकाठ

येत्या रविवारी दोन्ही मसुदे घेऊन जाते, एकात ४,८०० ची ओळ असेल आणि दुसऱ्यात नसेल. सहा जणींना एक आणि पाच जणींना दुसरा वाचून दाखवीन, आणि वाचून झाल्यावर प्रत्येकीला एकच प्रश्न विचारीन : तुमच्या १०,००० चे कमीत कमी किती होऊ शकतील असे तुम्हाला वाटते? त्यांची उत्तरे सोमवारी इथे लिहिते. काका, रोखे योजनेच्या चौकटीत तुमचा दोन लाखांचा हिशेब नाव न देता वापरला तर चालेल का?

निवृत्त वाहक

चालेल. फक्त मी सहा महिन्यांत काढून घेतले, हेही लिहा.